शिल्लक अकरा की एकोणीस? रजेचं धोरण नव्याने लिहिताना

सांगलीतल्या एका वितरण व्यवसायात, विश्रामबागेत ऑफिस आणि शहराबाहेर गोडाऊन, चाळीसेक माणसं, तिथला गोडाऊन सुपरवायझर राजीनामा देऊन हिशेबाला आला. अकाउंट्सच्या कागदावर त्याची शिल्लक रजा ११ दिवस होती आणि त्याच्या खिशातल्या डायरीत १९. दोघांनीही हिशेब प्रामाणिकपणे ठेवला होता, बेरीज-वजाबाकीत चूक कुठेच नव्हती. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले तेव्हा फरक बरोबर आठाचा निघाला आणि आठ म्हणजे वर्षाच्या किरकोळ रजा. कर्मचारी पुस्तिकेत वाक्य होतं: "कर्मचाऱ्यास वर्षाला २१ रजा मिळतील, शिल्लक रजा नियमानुसार पुढे नेता येईल." अकाउंट्सने वाचलं, २१ मध्ये ८ किरकोळ आल्या आणि त्या ३१ डिसेंबरला बुडाल्या. सुपरवायझरने वाचलं, २१ या हक्काच्या, किरकोळ वेगळ्या. वाक्य दोघांनाही खोटं ठरवत नव्हतं.

अशी धोरणं मी बरीच दुरुस्त केली आहेत. बहुतेक ठिकाणी मालक कंजूष नसतो आणि कामगार भांडखोर नसतो, फक्त वाक्य दोन्हीकडून वाचता येतं. म्हणून इथे एकच गोष्ट नीट दाखवतो: दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली येणाऱ्या मध्यम आकाराच्या व्यवसायाने रजेचं प्रकरण पहिल्यापासून कसं लिहावं. तुमचं काम कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात असेल तर कायदा वेगळा लागतो. एक सावधगिरी गोडाऊनवाल्यांसाठी. शीतगृहात माल साठवणं हीसुद्धा कारखान्यांना लागणाऱ्या कायद्याच्या व्याख्येत उत्पादन प्रक्रिया धरली गेली आहे. त्यामुळे ऑफिसला एक कायदा आणि शीतगृहाला दुसरा, असं एकाच मालकाकडे होऊ शकतं. कोणत्या जागेला काय लागू आहे, हे कामगार सल्लागाराकडून आधी लेखी घ्या आणि मगच पेन उचला.

जुना मजकूर समोर ठेवा

कोरा कागद घेऊन बसू नका. जुनं रजा प्रकरण छापून घ्या आणि गेल्या दोन वर्षांचे रजेचे अर्ज बाजूला ठेवा. विशेषतः जिथे वाद झाला, पगार कापला गेला, किंवा "साहेबांना विचारून सांगतो" असं झालं, ते अर्ज वेगळे काढा. धोरणात कुठे भोक आहे ते हे अर्जच सांगतात.

मग प्रत्येक वाक्याला विचारा: कोण, किती, कधीपासून, कोणाकडे, किती वेळात, आणि नाही झालं तर काय? आपल्या भाषेची काही वळणं इथे घात करतात. "रजा पूर्वपरवानगीने घ्यावी" यातलं "घ्यावी" हुकूम आहे की सल्ला? परवानगी न घेता राहिलेल्या माणसाचा पगार कापायचा असेल तर "घ्यावी लागेल" लिहा आणि नाही घेतली तर काय होईल, हे पुढच्याच वाक्यात सांगा. "रजा मंजूर केली जाईल" या वाक्यात मंजूर करणारा माणूसच नाही. "विभागप्रमुख मंजूर करतील" असं पद लिहिलं की वाक्य उभं राहतं. "नियमानुसार", "शक्यतो", "सामान्यतः", "व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार" हे चार शब्द दिसतील तिथे लाल रेघ मारा. यातल्या प्रत्येकाखाली कोणीतरी न घेतलेला निर्णय झाकलेला असतो. तो आता घ्यावा लागेल.

आधी शब्द पक्के करा

गोडाऊनवर माणसं सुट्टी, रजा आणि खाडा हे तिन्ही शब्द रोज वापरतात आणि त्यांचा अर्थ त्यांना बरोबर कळतो. तेच तीन शब्द धोरणाच्या पहिल्या पानावर घ्या. आस्थापना बंद असते तो दिवस सुट्टी: रविवार आणि सणाची सुट्टी. आस्थापना चालू असताना मंजुरी घेऊन माणूस येत नाही तो दिवस रजा. मंजुरी नाही, कळवलंही नाही, तो खाडा. एकदा एवढं लिहिलं की पुढे कुठेही हे शब्द एकमेकांच्या जागी येऊ देऊ नका. "सणाची रजा" असा शब्द एका धोरणात होता. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीचे दिवस शिल्लक रजेतून वजा झाले होते.

त्याच पानावर "वर्ष" म्हणजे १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, असं लिहा. आपल्याकडे हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं आणि अकाउंट्सचा माणूस सवयीने तेच धरतो. "हजर दिवस" म्हणजे प्रत्यक्ष कामावर आलेला दिवस. मंजुरीच्या मुदती मोजताना नुसतं "दिवस" न लिहिता "कामाचे दिवस" लिहा, म्हणजे मधला रविवार धरायचा की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यावरून सगळ्यात जास्त कुरबुर होते. शनिवारी रजा, सोमवारी रजा, मग मधला रविवार रजेत मोजायचा का? एका ऑफिसात एक विभागप्रमुख मोजत होते, शेजारचे मोजत नव्हते. माझा सल्ला, एका ओळीत लिहून टाका: "रजेच्या मध्ये, आधी किंवा नंतर येणारी सुट्टी रजेत मोजली जाणार नाही." मग शनिवार-सोमवार म्हणजे दोन दिवसच.

प्रकार कमी ठेवा, पण प्रत्येकाला वेगळं घर द्या

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ मध्ये वर्षाला आठ पगारी किरकोळ रजा आहेत. त्या दर तिमाहीला खात्यात जमा होतात आणि वर्षअखेरीस न वापरलेल्या बुडतात. आठ सणाच्या सुट्ट्या वेगळ्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि वर्ष सुरू होण्याआधी मालक व कामगारांनी मिळून ठरवलेल्या चार. अर्जित रजा, जिला लोक पीएल किंवा हक्काची रजा म्हणतात, ती हजर दिवसांवर मिळते: वीस हजर दिवसांना एक. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

सुपरवायझरच्या प्रकरणात किरकोळ आणि अर्जित एका आकड्यात कोंबल्या होत्या. एक बुडणारी, दुसरी साठणारी. त्यांची बेरीज कधीच लिहू नका. "एकूण २१" हा आकडा नोकरीच्या जाहिरातीत शोभतो, पण धोरणात त्यातून वाद निघतो.

बेरजेतला दुसरा धोका फार कोणाच्या लक्षात येत नाही. २१ मधून ८ किरकोळ वजा केल्या तर अर्जित उरते १३. आता सहा दिवसांच्या आठवड्याचा हिशेब करा. ३६५ मधून ५२ रविवार आणि ८ सण गेले, राहिले ३०५. त्या माणसाने ८ किरकोळ आणि १३ अर्जित अशा सगळ्या रजा वापरल्या तरी तो २८४ दिवस हजर राहतो. २८४ भागिले २० म्हणजे १४.२. म्हणजे पुस्तिकेतल्या १३ कायद्यापेक्षा कमीच पडतात. उदारपणे लिहिलेला ठोक आकडा नकळत कायद्याच्या खाली गेला, असं मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे.

आजारपणाची रजा द्यायची असेल तर तिचं वेगळं कलम करा. जे कर्मचारी ईएसआयखाली येतात त्यांना आजारपणाचा लाभ ईएसआयकडून मिळतो, हे तिथेच लिहा. प्रसूती रजेला स्वतंत्र पान द्या. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे, त्यानंतर १२. ती अर्जित किंवा किरकोळ शिल्लकीतून कधीही वजा होणार नाही, हे वाक्य ठळक असू द्या.

अर्जित रजा कशी साठते

इथे थोडा वेळ थांबू या, कारण पैसा इथेच आहे.

२०१७ च्या कायद्यात अट अशी की वर्षात २४० दिवस काम झालेल्या माणसाला पुढच्या वर्षी रजा मिळते. केंद्राची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात हीच मर्यादा १८० दिवसांची आहे. धोरणात यातला एक आकडा लिहून अडकून बसण्यापेक्षा मी सरळ मार्ग सुचवतो. रजा दरमहा जमा करा, किमान दिवसांची अटच ठेवू नका आणि वर्षअखेरीस वीस दिवसांच्या हिशेबाशी ताडून पाहा. कायद्यापेक्षा जास्त द्यायला कोणाची हरकत नसते. नव्या माणसालाही वर्षभर वाट पाहावी लागत नाही.

कलम असं लिहिता येईल:

"१. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या खात्यात दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी १.२५ दिवस अर्जित रजा जमा होईल.
२. महिन्याच्या १५ तारखेला किंवा त्याआधी रुजू झालेल्या कर्मचाऱ्याला त्या महिन्यापासून, १६ तारखेला किंवा नंतर रुजू झालेल्याला पुढच्या महिन्यापासून रजा जमा होईल.
३. ३१ डिसेंबरला, किंवा नोकरी सोडण्याच्या दिवशी, त्या वर्षाचे हजर दिवस भागिले २० असा हिशेब केला जाईल. तो आकडा वर्षात जमा झालेल्या रजेपेक्षा जास्त असल्यास फरक जमा होईल. कमी असल्यास काहीही वजा होणार नाही.
४. अपूर्णांक तसाच राहील. वर किंवा खाली गोल केला जाणार नाही. रजा अर्ध्या दिवसाच्या पटीत घेता येईल.
५. शिल्लक अर्जित रजा पुढच्या वर्षी आपोआप जाईल. ३१ डिसेंबरला ४५ च्या वर गेलेल्या दिवसांचा पगार जानेवारीच्या पगारात दिला जाईल.
६. नोकरी संपताना सर्व शिल्लक अर्जित रजेचा पगार दिला जाईल. एका दिवसाचा पगार म्हणजे महिन्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज भागिले २६."

तिसऱ्या कलमाची गरज कधी पडते? जो माणूस वर्षभर एकही रजा न घेता ३०५ दिवस आला त्याचे १५.२५ होतात आणि आपण १५ दिलेल्या असतात. पाव दिवसाचा फरक. छोटा आहे, पण तो त्याचा आहे.

आता एका माणसाचा हिशेब लावून पाहू. रुजू तारीख १० जून २०२४. जून ते डिसेंबर सात महिने, सात गुणिले १.२५ म्हणजे ८.७५. हजर दिवस १६२, भागिले २० म्हणजे ८.१, म्हणून काही वाढ नाही. त्या वर्षी त्याने २ दिवस अर्जित घेतली, शिल्लक ६.७५. २०२५ मध्ये १५ जमा झाल्या. हजर दिवस २८६, म्हणजे १४.३, पुन्हा वाढ नाही. एकूण २१.७५, त्यातून घेतलेल्या ९ गेल्या, उरल्या १२.७५. ३१ मार्च २०२६ ला नोकरी सोडली. तीन महिन्यांच्या ३.७५ मिळून १६.५, त्यातून घेतलेल्या ४ गेल्या, शिल्लक १२.५. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १८,२०० रुपये, भागिले २६ म्हणजे दिवसाला ७००. देणं ८,७५० रुपये.

भागायचा आकडा धोरणात नसता आणि कोणी ३० ने भागलं असतं, तर देणं ७,५८३ रुपये झालं असतं. साडेअकराशेहून जास्त रुपयांचा फरक, तोही रजेच्या दिवसांवर दोघांचं एकमत असताना. म्हणून "रजेचा पगार दिला जाईल" एवढ्यावर कलम संपवू नका. भागाकार लिहा.

किरकोळ रजेचं कलम छोटं होतं. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरला प्रत्येकी दोन जमा, वर्षात वापरा, ३१ डिसेंबरला शिल्लक शून्य, पैसे नाहीत. मध्येच रुजू झालेल्याला त्या तिमाहीच्या दोन रुजू दिवशी मिळतात.

मंजुरी: गप्प राहण्याचाही अर्थ लिहा

अर्ज कुठे करायचा, याची जागा एकच ठेवा. छापील फॉर्म चालेल, हजेरीचं ॲप चालेल, ठरवलेला व्हॉट्सॲप नंबरही चालेल, पण तिन्ही एकदम नकोत. जिन्यात भेटून "उद्या येत नाही साहेब" आणि साहेबांचं "बघू" हा अर्ज नाही आणि मंजुरीही नाही, हे स्पष्ट लिहा. असं लिहिलं नाही तर महिन्याअखेरीस त्या "बघू"चा अर्थ लावायला अकाउंट्सवाला बसतो.

अर्जित रजेसाठी पायऱ्या अशा ठेवता येतील. रजेच्या पहिल्या दिवसाच्या किमान १५ दिवस आधी विभागप्रमुखांकडे अर्ज. विभागप्रमुख ३ कामाच्या दिवसांत लेखी हो किंवा नाही सांगतील. उत्तर आलं नाही, किंवा विभागप्रमुख स्वतः रजेवर असतील, तर अर्ज ऑफिस मॅनेजरकडे जाईल. त्यांनीही २ कामाच्या दिवसांत उत्तर दिलं नाही तर रजा मंजूर धरली जाईल. हे शेवटचं वाक्य वाचून मालक दचकतात. मी त्यांना विचारतो, उत्तर न देण्याची शिक्षा कोणाला, अर्ज करणाऱ्याला की उत्तर न देणाऱ्याला? धोरणाने ते सांगितलं नाही तर ती नेहमी अर्ज करणाऱ्यालाच होते. त्याचं एसटीचं तिकीट काढलेलं असतं, पोरीच्या लग्नाचा हॉल ठरलेला असतो.

नकार द्यायचा तर लेखी, कारणासह आणि कोणत्या तारखांना रजा देता येईल ते सांगून. १५ दिवस आधी मागितलेली हक्काची रजा नाकारली आणि शिल्लक ४५ च्या वर गेली, तर वरच्या दिवसांचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला कायद्यानेच मिळतो. नोंद नसेल तर रजा नाकारली होती की मागितलीच नव्हती, हे नंतर कोण सांगणार?

किरकोळ रजा अचानक लागते, तिला १५ दिवसांची अट लावू नका. कामाची वेळ सुरू होण्याआधी विभागप्रमुखांना फोन किंवा मेसेज, आणि परत आल्यावर २ कामाच्या दिवसांत अर्ज. अर्ज आला नाही तर तो दिवस खाडा. फोन उचलला नाही तर? मेसेज पाठवल्याची वेळ हाच पुरावा, असं लिहा.

कृष्णेचं पाणी

सांगलीत हे कलम हवंच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात माणसं कामावर आली नाहीत, येऊच शकत नव्हती. मग कुठे ते दिवस रजेत गेले, कुठे बिनपगारी, कुठे पगारी, आणि एकाच ऑफिसात दोघांना दोन न्याय लागले. "पूरपरिस्थितीत व्यवस्थापन योग्य निर्णय घेईल" हे वाक्य काही कामाचं नाही. मोजता येईल अशी खूण घ्या. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, आणि पावसाळ्यात ती पातळी शहरात प्रत्येकाला पाठ असते. म्हणून लिहा: "आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी ४५ फूट किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा, पूरबाधित भागात राहणाऱ्या किंवा कामावर येण्याचा रस्ता बंद झालेल्या कर्मचाऱ्याचा दिवस पगारी धरला जाईल आणि कोणत्याही रजेतून वजा होणार नाही." कमाल किती दिवस, ते तुमच्या ऐपतीप्रमाणे ठरवा, पण आकडा लिहा.

छापण्याआधी परीक्षा घ्या

मसुदा झाला की तीन जणांना द्या: अकाउंट्समधला एक, एक विभागप्रमुख आणि गोडाऊनवरचा एक. तिघांनाही तेच पाच प्रसंग लेखी द्या. शनिवार-सोमवार रजेचे किती दिवस? १७ तारखेला रुजू झालेल्याची महिन्याअखेर शिल्लक किती? अर्जाला सहा कामाच्या दिवसांत कोणाचंच उत्तर नाही, तर काय? ३१ डिसेंबरला ३ किरकोळ आणि ४७ अर्जित शिल्लक आहेत, तर १ जानेवारीला खात्यात काय दिसेल? सकाळी फोन केला, पण परत आल्यावर अर्ज दिलाच नाही, तर तो दिवस कसला?

तिघांनी आपापसात न बोलता उत्तरं लिहायची. जिथे दोन उत्तरं वेगळी आली तिथे माणसाला समजावू नका, वाक्य बदला. आमच्याकडे चौथ्या प्रसंगावर पहिल्या फेरीत तिन्ही उत्तरं वेगळी आली होती, कारण नव्या वर्षाच्या दोन किरकोळ रजा त्याच दिवशी जमा होतात, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. बरोबर उत्तर: किरकोळ २, अर्जित ४५, आणि दोन दिवसांचा पगार जानेवारीत. हेच उदाहरण मग आम्ही कलमाखाली छापलं.

लागू करताना

जुन्या धोरणातली शिल्लक नव्या धोरणाने कमी करू नका. लागू होण्याच्या आदल्या दिवशीची शिल्लक प्रत्येकाला कागदावर द्या, किरकोळ आणि अर्जित वेगळ्या, आणि हरकत असेल तर सांगायला १५ दिवस द्या. मतभेद असेल आणि जुनं वाक्य खरंच दोन्हीकडून वाचता येत असेल, तर कामगाराच्या बाजूने वाचा. ते वाक्य त्याने लिहिलेलं नव्हतं. रजेच्या अटी बदलायच्या तर औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे बदलाची सूचना देऊन २१ दिवस थांबावं लागतं, म्हणून लागू होण्याची तारीख त्या हिशेबाने ठरवा. सूचना मराठीत लावा. पुस्तिका इंग्रजीतही असेल तर फरक पडल्यास मराठी मजकूर ग्राह्य, हे पहिल्या पानावर लिहा.

शेवटी पगारपत्रकात तीन रकाने वाढवून घ्या: या महिन्यात जमा, या महिन्यात घेतली, शिल्लक. किरकोळची ओळ वेगळी, अर्जितची वेगळी. त्या सुपरवायझरला शेवटी १९ दिवसांचेच पैसे मिळाले. त्याच्या जागी आलेल्या माणसाने पहिल्या पगाराच्या दिवशी अर्जितच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे सव्वा म्हणजे काय?" अकाउंट्समधल्या ताईंनी पुस्तिका उघडून पहिलं कलम त्याच्यापुढे धरलं. त्याने वाचलं, मान हलवली आणि आकडा आपल्या डायरीत उतरवून घेतला.